कॅल्क्युलेटर म्हणतो ४ टक्के, मग दोन खाती साफ कशी झाली?

प्रश्न: निफ्टीचे ऑप्शन विकत घेऊन इंट्राडे करतो. भांडवल ३०,०००. साधारण १२० प्रीमियमचा ऑप्शन, लॉट ७५, स्टॉपलॉस २० पॉइंट, टार्गेट ३० पॉइंट. साठ ट्रेडची नोंद आहे, त्यात २७ फायद्याचे, म्हणजे विन रेट ४५ टक्के. एका ट्रेडला रिस्क १,५०० म्हणजे ५ टक्के. ऑनलाइन कॅल्क्युलेटर ‘रिस्क ऑफ रुइन’, म्हणजे खातं बुडण्याची शक्यता, ४ टक्के दाखवतो. तरी वर्षभरात दोन खाती साफ झाली. कधीकधी दोन लॉट घेतो हे खरं, पण तेवढ्यानं इतका फरक पडतो का? नशीब वाईट की गणित चुकतंय?

उत्तर:

कॅल्क्युलेटरचं गणित बरोबर आहे. तुम्ही दिलेले आकडे घालून मीही पाहिलं, ४ टक्केच येतात. पण ते आकडे तुमच्या खात्याचे नाहीत. ते अशा एका खात्याचे आहेत ज्यात खर्च लागत नाही, शेवटच्या रुपयापर्यंत ट्रेड घेता येतो आणि विन रेट नेमका ४५ आहे हे कुणीतरी लिहून दिलेलं आहे. म्हणून नशिबाचा विषय जरा बाजूला ठेवू. प्रश्न असा आहे की तुमचं खातं किती तोटे पेलू शकतं आणि प्रत्येक ट्रेडमागे तुमच्या हाती खरोखर किती उरतं. रिस्क ऑफ रुइन या दोनच गोष्टींवर ठरते.

आधी सूत्र सांगतो, कारण ते तुम्हाला स्वतःला चालवता आलं पाहिजे. फायदा-तोटा समान असेल तर जुनं सोपं सूत्र आहे: हरण्याची शक्यता भागिले जिंकण्याची शक्यता, आणि त्याचा घात म्हणजे खात्यात किती तोटे मावतात ती संख्या. फायदा-तोटा असमान असला की ते चालत नाही. त्यासाठी मी एक अंदाजी सूत्र वापरतो, ज्याला विन रेट वेगळा लागत नाही आणि रिस्क-रिवॉर्डही लागत नाही. प्रत्येक ट्रेडचा रुपयांतला निकाल एका कॉलममध्ये असला की झालं:

```
=EXP(-2*K*AVERAGE(A2:A61)/(SUMSQ(A2:A61)/COUNT(A2:A61)))
```

यात `K` च्या जागी ‘गमावता येईल अशी रक्कम’ रुपयांत लिहायची. सूत्रात काय चाललंय ते साध्या भाषेत असं: वरच्या बाजूला भांडवल आणि सरासरी कमाई आहे, खालच्या बाजूला निकालांच्या वर्गांची सरासरी, म्हणजे ट्रेडमागे खातं किती हेलकावे खातं त्याचं माप. कमाई आणि भांडवल वाढलं की बुडण्याची शक्यता झपाट्यानं घटते, हेलकावे वाढले की झपाट्यानं वाढते. सरासरी शून्य किंवा उणे आली तर सूत्राचं उत्तर पाहायचंच नाही. तिथे खातं बुडणार हे ठरलेलं आहे, फक्त तारीख ठरायची आहे. आणखी एक मर्यादा: गमावता येणाऱ्या रकमेत चार-पाचच तोटे मावत असतील तर सूत्र शक्यता थोडी जास्त दाखवतं, पण निर्णय बदलेल इतकी नाही.

तुमचे कागदावरचे आकडे घालू. फायदा २,२५०, तोटा १,५००, विन रेट ४५. ट्रेडमागे सरासरी कमाई १८७ रुपये ५० पैसे. पूर्ण ३०,००० गमावता येतील असं धरलं तर उत्तर येतं ४.१ टक्के. तुमच्या कॅल्क्युलेटरचा आकडा हाच.

आता पहिली दुरुस्ती. तुम्हाला ३०,००० गमावता येत नाहीत. १२० प्रीमियमचा एक लॉट घ्यायला ९,००० रुपये लागतात. खातं त्याखाली गेलं की ही पद्धत तिथेच संपली, मग शिलकीत आठ हजार असोत की ऐंशी रुपये. म्हणजे गमावता येण्यासारखे फक्त २१,०००. तेवढा एकच बदल केला की ४ टक्क्यांचे १०-११ टक्के होतात.

इथे बरेच जण म्हणतात, ‘मग मी स्वस्त ऑप्शन घेईन, ४० रुपयांचा.’ घेता येतो, पण तो तुमचा ट्रेड उरत नाही. दूरच्या स्ट्राइकचा ऑप्शन निफ्टीच्या हालचालीला कमी प्रतिसाद देतो. त्याच्यात ३० पॉइंट मिळवायला निर्देशांक बराच जास्त हलावा लागतो आणि तेवढ्या वेळात प्रीमियम झिजत असतो. तुमचा ४५ टक्के विन रेट १२० च्या ऑप्शनवर मोजलेला आहे, तो ४० च्या ऑप्शनला लागू नाही. लहान खात्यांच्या नोंदींत मला ही घसरण हमखास दिसते: शिल्लक उतरते तसं स्ट्राइक दूर जात राहतं, आणि शेवटच्या दहा-पंधरा ट्रेडचा पहिल्या पन्नासांशी काही संबंध नसतो. तुमच्या दोन्ही खात्यांच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेले प्रीमियम एकदा पाहा.

दुसरी दुरुस्ती खर्चाची, आणि खरी मेख इथे आहे. एका लॉटच्या ये-जा मध्ये दोन ऑर्डरचं ब्रोकरेज ४० रुपये, त्यावर जीएसटी, विक्रीवर एसटीटी (१ ऑक्टोबर २०२४ पासून तो प्रीमियमच्या ०.१ टक्का झाला, दर बदलत असतात, तुमच्या काँट्रॅक्ट नोटवर पाहा), एक्सचेंजचे चार्जेस, स्टँप ड्यूटी. सगळं मिळून ६०-६५ रुपये. त्यात स्लिपेज धरा. घेताना अर्धा पॉइंट आणि विकताना अर्धा पॉइंट जाणं हे शांत बाजारातलं माप आहे. ते ७५ रुपये. एकूण १४० च्या आसपास, मी सोयीसाठी १५० धरतो, म्हणजे लॉटमागे बरोबर २ पॉइंट.

२ पॉइंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते दोन्हीकडून कापले जातात. ३० चा फायदा २८ होतो, २० चा तोटा २२ होतो. आता सरासरी काढा: ४५ टक्के वेळा २८ म्हणजे १२.६, ५५ टक्के वेळा २२ म्हणजे १२.१. उरला अर्धा पॉइंट. आधी तुम्ही ट्रेडमागे अडीच पॉइंट कमावताय असं समजत होतात. त्यातले दोन खर्चात गेले. १८७ रुपयांची कमाई ३७ वर आली. हेलकावे मात्र जवळपास तेवढेच राहिले.

सूत्रात २१,००० आणि हे नवे निकाल घाला. उत्तर ६४ टक्के.

पद्धत तीच, विन रेट तोच, रिस्कही जवळपास तीच. ४ टक्क्यांपासून ६४ टक्क्यांपर्यंतचा प्रवास फक्त ‘९,००० खाली ट्रेड नाही’ आणि ‘लॉटमागे दीडशे रुपये’ या दोन गोष्टींनी केला. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात एफअँडओमधल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तीन वर्षांत मिळून तोट्यात होते हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: २०२३-२४ या वर्षात माणशी सरासरी २६,००० रुपये नुसत्या व्यवहार खर्चात गेले. तुमचं अख्खं भांडवल ३०,००० आहे.

आता तिसरी गोष्ट, विन रेट. तुम्ही ४५ टक्के म्हणताय ते साठ ट्रेडवरून. खर्च धरून तुमचा बरोबरीचा बिंदू ४४ टक्के आहे (२२ भागिले ५०). म्हणजे तुमची सगळी कमाई एका टक्क्याच्या फटीत आहे, आणि साठ ट्रेडवर विन रेटच्या अंदाजातली प्रमाण चूक आहे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. खरा विन रेट ४० असला तरी साठांत २७ जिंकणं अगदी सहज घडू शकतं, आणि ५० असला तरीही. फरक किती पडतो ते पाहा. खरा विन रेट ५० असेल तर बुडण्याची शक्यता ७ टक्के. ४५ असेल तर ६४. ४३ असेल तर सरासरीच उणे होते, शंभर टक्के. तुमची साठ ट्रेडची नोंद या तिघांत भेद करू शकत नाही. विन रेट एका टक्क्याच्या चुकीपर्यंत मोजायचा तर अडीच हजारांच्या आसपास ट्रेड लागतात. रोज दोन घेतले तर पाच वर्षं. म्हणून मी कुणाच्याही विन रेटमधून आधी पाच टक्के वजा करतो आणि मग सूत्र चालवतो. वजा केल्यावरही सरासरी अधिक राहिली तर पुढे बोलायला अर्थ आहे. तुमची राहत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

आणि स्टॉपलॉस प्रत्येक वेळी २० वरच लागतो असं आपण धरलंय. एनएसईवर ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर आता टाकता येत नाही, लिमिट द्यावी लागते. एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी किंवा एखादी बातमी आली की भाव त्या लिमिटवरून उडी मारून जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. दर वीस तोट्यांत एक तोटा दुप्पट झाला, ४४ पॉइंटचा, तर ट्रेडमागचा खर्च आणखी ०.६ पॉइंटनं वाढतो. तुमच्याकडे उरलेला होता अर्धा. नोंदीतला सर्वांत मोठा तोटा किती आहे हे पाहा. तो १,६५० पेक्षा बराच मोठा असेल तर सूत्रात सरासरी नको, खरे निकाल एकेक करून घाला. `SUMSQ` मुळे मोठे तोटे आपोआप जास्त वजन घेतात, त्यासाठीच ते तिथे आहे.

आता ‘वर्षभरात दोन खाती’ या वेगाकडे. ६४ टक्के हा आकडा शेवटपर्यंत खेळत राहिलात तरचा आहे. किती ट्रेडमध्ये काय होतं हे पाहायला सूत्र पुरत नाही, छोटं सिम्युलेशन लागतं. हे पायथॉनमध्ये चालवा, आकडे तुमचेच घातलेत:

```python
import random

capital, floor = 30000, 9000
win, loss, p = 2100, 1650, 0.45
trades, runs = 100, 20000

ruined = 0
for _ in range(runs):
    c = capital
    for _ in range(trades):
        c += win if random.random() < p else -loss
        if c < floor:
            ruined += 1
            break
print(ruined / runs)
```

१०० ट्रेडला साधारण पाचात एक खातं संपतं. `trades` च्या जागी २०० घातलं की जवळपास तीनात एक, ५०० घातलं की शंभरातली ४५ च्या आसपास. हे सगळं विन रेट खरंच ४५ आहे असं मानून. रोज दोन ट्रेड धरले तर १०० ट्रेड म्हणजे अडीच महिने.

आणि हो, दोन लॉट. ‘तेवढ्यानं इतका फरक पडतो का’ असं विचारलंत, तर पडतो, आणि तो दुपटीनं पडतो असं नाही. दोन लॉटला प्रीमियमच १८,००० लागतं. म्हणजे दोन लॉट घेत राहायचं तर गमावता येण्यासारखे फक्त १२,०००, आणि एक तोटा ३,३०० च्या आसपास. तीन तोट्यांनंतर २०,१००. चौथ्यानंतर १६,८००, आता दोन लॉट परवडतच नाहीत. चार तोटे सलग येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या हिशेबानं ९ टक्के आहे, आणि सलग यायचीही गरज नाही, मागेपुढे येऊन निव्वळ चार झाले तरी पुरे. सिम्युलेशनमध्ये `floor` १८,०००, `win` ४,२००, `loss` ३,३००, `trades` ३० करून बघा. निम्म्याच्या जरा खाली आकडा येईल. तीस ट्रेड, म्हणजे तीन आठवडे.

त्यानंतर काय होतं ते जास्त घातक आहे. दोन लॉटनं खाली आलात आणि आता एका लॉटनं वर चढायचंय. उतरताना पायरी ३,३०० ची होती, चढताना २,१०० ची. कधीकधी दोन लॉट घेणारे लोक बहुतेक वेळा खातं वर असताना, जरा आत्मविश्वास आल्यावर घेतात, आणि मग नेमके मोठ्या आकारात हरून लहान आकारात जिंकतात. तुमच्या नोंदीत दोन लॉटचे ट्रेड वेगळे काढा. त्यांचा विन रेट वेगळा असण्याचं कारण नाही, पण रुपयांचा हिशेब वेगळा दिसेल असा माझा अंदाज आहे.

हे सगळं पाहून कुणीही म्हणेल, मग रिस्क कमी करा, ५ ऐवजी १ टक्का. पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. टक्क्यानं रिस्क घेतली की खातं उतरतं तसा ट्रेडचा आकार आपोआप लहान होतो. पण लॉट फाडता येत नाही. १ टक्का म्हणजे ३०० रुपये, ७५ नं भागलं तर ४ पॉइंटचा स्टॉपलॉस, आणि त्यातले दोन खर्चात. म्हणून तुमच्या खात्यात उलटं घडतं: ३०,००० असताना एक तोटा साडेपाच टक्क्यांचा, २०,००० असताना सव्वाआठ टक्क्यांचा, १२,००० असताना पावणेचौदा टक्क्यांचा. खातं जितकं अडचणीत तितकी रिस्क मोठी. मोठ्या खात्याचा ट्रेडर घसरणीत आकार कमी करून वेळ विकत घेऊ शकतो, लहान खात्याला ती सोयच नाही. लहान खाती लवकर जातात याचं माझ्या मते हे मुख्य कारण आहे. बेशिस्त, हाव वगैरे नंतर येतात.

बरं, स्टॉपलॉस बदलून यातून सुटका होते का? हा प्रयोग प्रत्येकजण करतो, म्हणून तो शेवटपर्यंत करून दाखवतो. रिस्क-रिवॉर्ड दीडपटच ठेवू, विन रेटही ४५ च धरू (प्रत्यक्षात तो बदलेल, पण निदान दिशा कळेल).

स्टॉपलॉस आवळून १० केला, टार्गेट १५. खर्च वजा जाता फायदा १३, तोटा १२. सरासरी उणे पाऊण पॉइंट. संपलं. ‘छोटा स्टॉपलॉस म्हणजे छोटी रिस्क’ असं म्हणून जे स्काल्पिंगकडे वळतात ते इथे अडकतात: तोटे छोटे दिसतात, पण खर्चाचे दोन पॉइंट छोटे होत नाहीत.

स्टॉपलॉस सैल करून ४० केला, टार्गेट ६०. फायदा ५८, तोटा ४२, सरासरी ३ पॉइंट, म्हणजे २२५ रुपये. कमाई सहापट झाली! पण एक तोटा आता ३,१५० चा, आणि २१,००० मध्ये असे सहा-सातच मावतात. उत्तर ५१ टक्के. आणखी सैल, ८० आणि १२०: सरासरी ६०० रुपये, तोटा ६,१५०, खात्यात साडेतीनही मावत नाहीत. पुन्हा साठीच्या घरात.

स्टॉपलॉस आवळला की खर्च कमाई खातो, सैल केला की खात्यात तोटे मावत नाहीत, आणि मधली सर्वांत बरी जागासुद्धा अर्ध्याअर्धी. ३०,००० मध्ये निफ्टीचा ७५ चा लॉट घेऊन या कात्रीतून निघायची जागा मला सापडलेली नाही.

‘लॉट २५ चा होता तेव्हा बरं होतं’ हेही लोक म्हणतात. सेबीनं काँट्रॅक्टची किमान किंमत १५ लाख केली आणि २० नोव्हेंबर २०२४ पासूनच्या नव्या काँट्रॅक्टमध्ये निफ्टीचा लॉट २५ चा ७५ झाला (नंतरही लॉटचे आकडे बदलत राहतात, तुम्ही ट्रेड घेता त्या काँट्रॅक्टचा पाहा). तोटे जास्त मावायचे हे खरं. पण ब्रोकरेज ऑर्डरमागे ठरलेलं असतं, लॉटमागे नाही. तेच ४० रुपये २५ वर वाटले की सगळा खर्च ३ पॉइंटच्या वर जातो, आणि तुमच्या २०-३० च्या पद्धतीत सरासरी उणे होते. खातं हळू गेलं असतं, एवढंच.

मग किती भांडवल लागतं? सूत्र उलटं फिरवायचं. बुडण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर `EXP` च्या कंसातला आकडा उणे ३ यायला हवा. २०-३० च्या पद्धतीला त्यासाठी एका लॉटमागे साधारण १ लाख ४८ हजार लागतात. ४०-६० ला १ लाख २ हजार, म्हणजे तोटा दुप्पट असूनही कमी, कारण खर्चाचा वाटा घटला. हे मला स्वतःला या गणितातलं सर्वांत उपयोगी उत्तर वाटतं. आणि ३ लाखांच्या खात्यावर एकच लॉट, २०-३० ची तुमचीच पद्धत: पूर्ण बुडण्याची शक्यता ०.२ टक्के, अर्धं खातं जाण्याची ४ टक्के. पद्धत एकच, पण हिला ३ लाखवाला ‘सुरक्षित’ म्हणेल आणि ३०,००० वाला ‘फसवणूक’ म्हणेल, आणि दोघंही आपापल्या अनुभवानं बरोबर असतील.

हे भांडवल कर्ज काढून किंवा घरखर्चातून उभं करा असं मी अजिबात म्हणत नाही. वर सांगितलंय तसं, विन रेटमधून पाच टक्के वजा केले की तुमची २०-३० ची सरासरी उणे आहे. उणे सरासरीवर दीड लाख लावले तर ते दीड लाख फक्त जास्त दिवस टिकतील.

३०,००० च हातात असतील तर मी काय केलं असतं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. रोखीचे शेअर, डिलिव्हरी, काही दिवसांचा ट्रेड. तिथे लॉट नाही, म्हणून १ टक्का म्हणजे ३०० रुपये रिस्क खरंच घेता येते. उदाहरणार्थ ५०० चा शेअर, २५ रुपये स्टॉपलॉस, १२ शेअर, ६,००० ची खरेदी. घेताना आणि विकताना एसटीटी ०.१ टक्का म्हणजे दोन्ही मिळून १२ रुपये, विकताना डीपी चार्ज पंधराच्या आसपास, किरकोळ बाकी, एकूण ३० धरा. डिलिव्हरीला ब्रोकरेज लागत असेल तर ते वेगळं. तीच ४५ टक्के आणि दीडपट घातली तर फायदा ४२०, तोटा ३३०, सरासरी साडेसात रुपये. अर्धं खातं जाण्याची शक्यता २० टक्के, पूर्ण जाण्याची ४ टक्के. इथेही खर्चानं कमाईचा मोठा हिस्सा खाल्लाय, ते लपवत नाही, आणि रात्रीतून गॅप पडण्याचा धोका नव्यानं येतो. ट्रेडमागे साडेसात रुपये ऐकून हसू येईल. पण एक तोटा १.१ टक्क्याचाच राहतो, खातं उतरलं तर १२ चे ८ शेअर करता येतात, आणि शे-दोनशे ट्रेडची खरी नोंद हातात येईपर्यंत खातं जिवंत असतं. विन रेट मात्र तिथे नव्यानं मोजावा लागेल, ऑप्शनचा ४५ तिकडे नेता येणार नाही.

तोवर एक काम करा. त्या साठ ट्रेडचे निकाल ब्रोकरच्या अ‍ॅपवरच्या पीअँडएलवरून घेऊ नका. काही अ‍ॅप तिथे खर्च वजा न करता दाखवतात. काँट्रॅक्ट नोटवरून निव्वळ रक्कम घ्या, एक लॉट आणि दोन लॉट वेगळ्या कॉलममध्ये, आणि प्रत्येकासमोर घेतलेला प्रीमियम लिहा. एक लॉटच्या कॉलमची सरासरी अधिक आली तर इथे टाका, तुमच्या खऱ्या हेलकाव्यांवर लॉटमागे किती भांडवल लागेल ते काढून देतो. उणे आली तर पुढचा काही हिशेब करायची गरज नाही.